मटेरियल सबसिडिअरी आणि रिलेटेड पार्टी पॉलिसी : उपकंपनी 'मटेरियल' नसेल तर सुटलो का?

नोंदवही (धागाकर्ती)

मी एका लिस्टेड कंपनीच्या सेक्रेटेरियल विभागात काम करते. आमच्या सीएस मॅडमनी मागच्या आठवड्यात दोन पॉलिसी माझ्या टेबलावर ठेवल्या. एक मटेरियल सबसिडिअरी ठरवण्याची आणि दुसरी रिलेटेड पार्टी, म्हणजे कंपनीशी संबंधित पक्षांशी होणाऱ्या व्यवहारांची. म्हणाल्या, "फेब्रुवारीच्या बोर्ड मीटिंगआधी दोन्ही नीट वाच आणि काय बदलायला हवं ते लिहून आण."

मटेरियल सबसिडिअरीची पॉलिसी जेमतेम चार पानांची आहे. तिच्यात अजून वीस टक्क्यांची जुनी मर्यादा आहे आणि 'उलाढाल'च्या जागी 'उत्पन्न' हा जुना शब्द आहे. शेवटी मात्र एक ओळ आहे की कायदा बदलला तर बदललेला कायदा या पॉलिसीवर चालेल. त्यामुळे आजवर कुणी हात लावला नसावा.

आता खरा प्रश्न. आमच्या दोन उपकंपन्या आहेत, दोन्ही शंभर टक्के आमच्या. २०२४-२५ चे आकडे देते. समूहाची एकत्रित उलाढाल १,२४० कोटी आणि नेट वर्थ ४१० कोटी. पॅकेजिंगची उपकंपनी : उलाढाल ९६ कोटी, नेट वर्थ ५८ कोटी. गोदामं चालवणारी उपकंपनी : उलाढाल २२ कोटी, नेट वर्थ ६ कोटी.

गोदामवाल्या कंपनीने एक जागा भाड्याने घेतली आहे. ती ज्या भागीदारी फर्मची आहे, तिच्यात आमच्या एमडींचे सख्खे भाऊ भागीदार आहेत. भाडं महिना १६ लाख. ५ जानेवारीला त्याच फर्मशी देखभालीचा ३५ लाखांचा वेगळा करार झाला. ऑडिटला आलेल्या मुलाने ती फाइल उघडून विचारलं, "हे तुमच्या ऑडिट कमिटीपुढे गेलं होतं का?" मी म्हटलं, ही उपकंपनी मटेरियल नाही. त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि पान उलटलं. तेव्हापासून माझ्या मनात धाकधूक आहे. माझं उत्तर बरोबर होतं का?

---

ताळेबंद

नमस्कार. मी सीए आहे, दोन लिस्टेड कंपन्यांचं काम बघतो.

आधी टक्के काढा. पॅकेजिंग उलाढालीत ९६ भागिले १,२४०, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. नेट वर्थमध्ये ५८ भागिले ४१०, म्हणजे चौदा टक्क्यांच्या थोडं वर. दोहोंपैकी एकात जरी दहा ओलांडले तरी मटेरियल. म्हणजे पॅकेजिंग मटेरियल आहे आणि तिच्या बोर्डावर तुमचा एक स्वतंत्र संचालक असायलाच हवा. तो आहे का बघा.

गोदामवाली दोन्हीकडे दोन टक्क्यांच्याही खाली आहे, मटेरियल नाही. शिवाय ती शंभर टक्के तुमची आहे, आणि पूर्ण मालकीच्या उपकंपनीला रिलेटेड पार्टीच्या मंजुरीतून सूट असते. त्यामुळे तुम्ही दिलेलं उत्तर बरोबर होतं. निश्चिंत राहा.

---

ठरावपुस्तक

ताळेबंद सर, टक्के बरोबर काढलेत, पण पुढच्या दोन्ही गोष्टी दुरुस्त करायला हव्यात. त्यावर विसंबून या ताई बोर्डाला टिपण देतील, म्हणून लगेच लिहितो.

पहिली गोष्ट स्वतंत्र संचालकाची. एलओडीआर, म्हणजे लिस्टेड कंपन्यांसाठीचे सेबीचे नियम, त्यांत 'मटेरियल सबसिडिअरी'ला दोन फुटपट्ट्या आहेत. नियम १६ मधली व्याख्या दहा टक्क्यांची. एप्रिल २०१९ च्या आधी ती वीस होती. पण नियम २४(१), म्हणजे लिस्टेड कंपनीचा एक स्वतंत्र संचालक अनलिस्टेड उपकंपनीच्या बोर्डावर बसवण्याचा नियम, त्याच्याखालच्या स्पष्टीकरणात वीस टक्के लिहिले आहेत. पॅकेजिंग चौदा टक्क्यांवर आहे, म्हणजे ती बरोबर मधल्या पट्ट्यात अडकते. शेअर विकताना विशेष ठराव लागेल, भारतात नोंदलेली असल्यामुळे सेक्रेटेरियल ऑडिट लागेल, पण स्वतंत्र संचालक सक्तीचा नाही. मी पाहिलेल्या अर्ध्याअधिक पॉलिसींमध्ये हा पट्टा नीट लिहिलेलाच नसतो. एकच आकडा टाकतात आणि तो सगळीकडे लावतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पूर्ण मालकीच्या उपकंपनीची सूट ही आई आणि लेक यांच्यातल्या व्यवहाराला आहे, किंवा अशा दोन लेकींच्या आपसातल्या व्यवहाराला. इथे लेक व्यवहार करते आहे एमडींच्या भावाच्या फर्मशी. लेक शंभर टक्के तुमची असण्याचा इथे काही उपयोग नाही. पैसा घराबाहेर जातो आहे, आणि जातो आहे तो प्रवर्तकाच्या भावाकडे.

आणि नोंदवही ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं. रिलेटेड पार्टीच्या नियमात उपकंपनी मटेरियल आहे की नाही हे विचारलेलंच नाही. नियम २३(२) कुठल्याही उपकंपनीला लागतो. तिथली मर्यादा उपकंपनीच्या स्वतःच्या मागच्या ऑडिट झालेल्या स्टँडअलोन उलाढालीच्या दहा टक्के. गोदामवालीची २२ कोटी, तर मर्यादा २ कोटी २० लाख. उपकंपनी जितकी लहान तितकी मर्यादा खाली. २०२५ च्या शेवटी झालेल्या दुरुस्तीनंतर एक कोटीपर्यंतचे व्यवहार यातून सुटतात, पण तुमचे आकडे त्याच्या वर आहेत.

आता बेरीज करा. भाडं वर्षाचं १ कोटी ९२ लाख. देखभाल ३५ लाख. एकूण २ कोटी २७ लाख. एकाच पक्षाशी एका आर्थिक वर्षात झालेले व्यवहार एकत्र धरायचे असतात. ५ जानेवारीच्या कराराने मर्यादा ओलांडली. त्या करारावर सही होण्याआधी तुमच्या, म्हणजे लिस्टेड कंपनीच्या, ऑडिट कमिटीची मंजुरी हवी होती.

---

नोंदवही

वाचून हात गार पडले. म्हणजे 'मटेरियल' हा शब्द दोन पॉलिसींमध्ये दोन वेगळ्या गोष्टींसाठी आहे, आणि मी एकीचं उत्तर दुसरीला दिलं.

आमच्या रिलेटेड पार्टी पॉलिसीत उपकंपन्यांच्या स्वतःच्या व्यवहारांबद्दल एकच वाक्य आहे : "मटेरियल सबसिडिअरीचे व्यवहार ऑडिट कमिटीपुढे ठेवले जातील." मी त्यावरच गेले.

---

ताळेबंद

ठरावपुस्तक सर, वीस टक्क्यांचं स्पष्टीकरण माझ्याकडून सुटलं, मान्य. पूर्ण मालकीच्या सुटीबद्दलही तुमचं बरोबर आहे, मी आई-लेकीच्या कर्जांच्या संदर्भात ती वापरत आलो आणि तीच इथे लावली.

पण एक शंका. मग हा व्यवहार शेअरधारकांकडेही न्यावा लागेल ना? दहा टक्के ओलांडले म्हणजे तो मटेरियल रिलेटेड पार्टी व्यवहार झाला.

---

ठरावपुस्तक

नाही. शेअरधारकांची पायरी वेगळी आहे. ती लिस्टेड कंपनीच्या एकत्रित उलाढालीवर मोजतात. पूर्वी हजार कोटी किंवा दहा टक्के, यातलं कमी ते. आता बाराव्या अनुसूचीत उलाढालीच्या टप्प्यांप्रमाणे मर्यादा आहे. वीस हजार कोटींपर्यंतच्या कंपनीला दहा टक्केच, त्यापुढे मोठ्या कंपन्यांना कमी दराने वाढत जाते आणि पाच हजार कोटींवर थांबते. यांची १,२४० कोटी, म्हणजे मर्यादा १२४ कोटी. सव्वादोन कोटींचा व्यवहार तिथे कुठेच पोचत नाही.

म्हणून मी प्रत्येक कंपनीला सांगतो की पॉलिसीत दोन मर्यादा दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहा. ऑडिट कमिटी कधी, शेअरधारक कधी. आणि उपकंपनीच्या व्यवहारासाठी प्रत्येक उपकंपनीचं नाव आणि त्या वर्षीची रुपयातली मर्यादा परिशिष्टात द्या. 'स्टँडअलोन उलाढालीच्या दहा टक्के' हे गोदामाच्या मॅनेजरला कळत नाही. '२ कोटी २० लाख' हे कळतं. तो करारावर सही करणारा माणूस आहे, पॉलिसी त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे.

---

छोटा भागधारक

मी निवृत्त माणूस, चार-पाच कंपन्यांचे थोडे थोडे शेअर आहेत. तुमची चर्चा पूर्ण समजली असं म्हणणार नाही, पण माझा एक अनुभव याच्याशी जुळतो म्हणून विचारतो.

मागे एका कंपनीकडून पोस्टल बॅलटची नोटीस आली. उपकंपनीतला बहुतेक हिस्सा बाहेरच्या एका कंपनीला विकायचा होता, त्यासाठी विशेष ठराव. उपकंपनी चांगली चालणारी होती, मी विरोधात मत दिलं. निकाल आला तेव्हा प्रवर्तकांनी पूर्ण मतदान केलेलं दिसलं आणि ठराव आरामात मंजूर. मी ऐकलं होतं की अशा बाबतीत प्रवर्तकांना मत देता येत नाही. मग हे कसं झालं? कुठे तक्रार करायला हवी होती का?

---

ठरावपुस्तक

काका, तुम्ही ऐकलंत ते दुसऱ्या ठरावाबद्दल. हाच फरक फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मटेरियल सबसिडिअरीतले शेअर विकून हिस्सा पन्नास टक्के किंवा त्याखाली जाणार असेल, किंवा ताबा सुटणार असेल, तर नियम २४(५) प्रमाणे विशेष ठराव लागतो. न्यायाधिकरणाने मंजूर केलेली योजना असेल किंवा दिवाळखोरी कायद्याखालचा आराखडा असेल तर तो लागत नाही. या ठरावात प्रवर्तक मत देऊ शकतात. बाजूने पडलेली मतं विरोधातल्या मतांच्या तिप्पट हवीत, एवढंच. प्रवर्तकांकडे साठ-सत्तर टक्के असतील आणि लहान भागधारकांनी फारसं मतदान केलं नसेल, तर ठराव सहज निघतो.

मटेरियल रिलेटेड पार्टी व्यवहाराचा ठराव नियम २३(४) खाली येतो. तिथे कुठलाही संबंधित पक्ष बाजूने मत देऊ शकत नाही, आणि तो त्याच व्यवहारातला असायला हवा असंही नाही. त्या व्यवहाराशी काहीच घेणं-देणं नसलेला प्रवर्तक-नातेवाईकही बाजूने मत देऊ शकत नाही. विरोधात द्यायला हरकत नाही.

तुमच्या बाबतीत खरेदीदार खरोखर बाहेरचा असेल तर प्रवर्तकांचं मतदान नियमातच बसतं. खरेदीदार प्रवर्तकांपैकीच कुणाचा असता आणि रक्कम मर्यादेवर असती, तर चित्र उलटं झालं असतं. म्हणून अशी नोटीस आली की आधी खरेदीदार कोण ते बघायचं. नोटिशीच्या स्पष्टीकरणात तो संबंधित आहे की नाही हे लिहिलेलं असतं. आणि या दोन्ही पॉलिसी कंपनीच्या वेबसाइटवर टाकणं नियम ४६ खाली बंधनकारक आहे, तिथे जाऊन मर्यादा बघता येतात.

---

छोटा भागधारक

आभारी आहे. जुनी नोटीस जपून ठेवली आहे, आत्ता काढून वाचली. खरेदीदार संबंधित नाही असंच छापलं आहे. म्हणजे माझी तक्रार चुकीच्या जागी होती. मनाला मात्र अजून लागतं. पन्नास टक्क्यांची अट आहे म्हणता, मग उपकंपनीने स्वतःच नवे शेअर काढून बाहेरच्याला दिले आणि आमच्या कंपनीचा हिस्सा घटला तर?

---

रानजाई

हा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवतो. मी एका कंपनीत लीगलला आहे, आमच्याकडे यावर दोन वकिलांची दोन मतं आली होती.

नियमाचे शब्द आहेत, लिस्टेड कंपनी शेअर 'डिस्पोज' करणार नाही. उपकंपनीने नवे शेअर दिले तर आईने काहीच विकलेलं नसतं, फक्त तिचं प्रमाण घटतं. एक वकील म्हणाले, शब्दश: वाचलं तर नियम लागत नाही. दुसऱ्या म्हणाल्या, हिस्सा पन्नासखाली जाऊ नये हाच नियमाचा गाभा आहे, मार्ग कुठलाही असो. आम्ही शेवटी पॉलिसीतच लिहिलं की नव्या शेअरमुळे हिस्सा पन्नास किंवा खाली जाणार असेल तर तेही विक्री मानून विशेष ठराव घेऊ. पॉलिसीला कायद्यापेक्षा कडक होण्याची मुभा आहे, सैल होण्याची नाही. पण हे आमचं उत्तर, सर्वमान्य नाही.

---

ठरावपुस्तक

मी त्या दुसऱ्या वकिलीणबाईंच्या बाजूने आहे. पण हो, यावर एकमत नाही.

---

लेखनिक

मी एका एसएमई प्लॅटफॉर्मवर लिस्ट असलेल्या कंपनीत इंटर्नल ऑडिट बघतो. आम्हाला हे सगळं लागूच नाही ना? आमच्या साहेबांनी तर सांगितलं आहे की एसएमईला कॉर्पोरेट गव्हर्नन्सचे नियम माफ आहेत. आणि मटेरियल सबसिडिअरी म्हणजे ज्या उपकंपनीकडून आपण कच्चं मटेरियल घेतो ती, असं मी इतके दिवस समजत होतो. आमची एक उपकंपनी आम्हाला पुठ्ठा पुरवते, म्हणून तिचीही पॉलिसी करायची का विचारणार होतो.

---

ठरावपुस्तक

विचारलंत ते बरं केलंत. इथे 'मटेरियल' म्हणजे लक्षणीय, समूहाच्या आकारमानात वजन असलेली. मालाशी त्याचा संबंध नाही.

माफीबद्दल मात्र तुमच्या साहेबांची माहिती जुनी आहे. नियम १७ ते २७ मधून एसएमईला सूट होती हे खरं. पण २०२५ पासून रिलेटेड पार्टीचा नियम एसएमई लिस्टेड कंपन्यांनाही आणला आहे. शेअरधारकांसाठी मर्यादा एकत्रित उलाढालीच्या दहा टक्के किंवा पन्नास कोटी, कमी असेल ते. भरलेलं भांडवल दहा कोटींपर्यंत आणि नेट वर्थ पंचवीस कोटींपर्यंत असेल तर मात्र सूट मिळते. तुमची कंपनी कुठे बसते ते ताळेबंदात बघा आणि साहेबांना दाखवा.

---

ताळेबंद

नोंदवही, एक सुचवू का? ५ जानेवारीचा ३५ लाखांचा करार नंतर मंजूर करून घेण्याची सोय आहे. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीत ती आली. स्वतंत्र संचालक असलेले ऑडिट कमिटीचे सदस्य व्यवहाराच्या तारखेपासून तीन महिन्यांत किंवा लगेचच्या पुढच्या मीटिंगमध्ये, यातलं आधी येईल तेव्हा, मंजुरी देऊ शकतात. त्या पक्षाशी वर्षभरात अशी मंजुरी एक कोटीच्या वर जाता कामा नये. ३५ लाख आरामात बसतात. तुमची मीटिंग फेब्रुवारीत आहे म्हणालात, म्हणजे तीच शेवटची संधी. एप्रिलपर्यंत थांबू नका.

---

ठरावपुस्तक

यावेळी पूर्ण सहमत. एक जोड देतो. आधी मंजुरी का घेतली नाही याचं कारण कमिटीपुढे लेखी ठेवावं लागतं आणि ते सहामाही जाहीरनाम्यातही जातं. कारण खरं लिहा. "उपकंपनी मटेरियल नसल्याने नियम लागत नाही असा समज होता" हे लिहिण्यात कमीपणा नाही. 'तातडीची गरज' असं खोटं कारण लिहिलं की कमिटीतला जागरूक माणूस गोदामाच्या छताचे फोटो मागतो. कमिटीने मंजुरी नाकारली तर करार रद्द करण्याजोगा ठरतो आणि नुकसान संबंधित संचालकावर येऊ शकतं, तेही त्या फर्मला आधी कळवून ठेवा.

---

नोंदवही

तुम्हा सगळ्यांमुळे आज टिपण लिहायला घेतलं. पण लिहिताना मूळ भाडेकरार उघडला आणि नवीनच गोष्ट दिसली. एप्रिलमध्ये तीन महिन्यांचं भाडं अनामत म्हणून दिलं आहे, ४८ लाख. परत मिळणारी.

ती धरली तर बेरीज अशी होते : १ कोटी ९२ लाख अधिक ४८ लाख, म्हणजे २ कोटी ४० लाख. मर्यादा २ कोटी २० लाख. म्हणजे जानेवारीत नाही, एप्रिलमध्येच ओलांडली होती. आणि एप्रिलनंतर ऑडिट कमिटीच्या तीन मीटिंग होऊन गेल्या. मग नंतरच्या मंजुरीची मुदतही संपली आणि एक कोटीची मर्यादाही तिथे बसत नाही.

अनामत धरायची की नाही?

---

ताळेबंद

अनामत परत मिळणार आहे, तो खर्च नाही. उलाढालीशी तुलना करताना उलाढालीसारख्या गोष्टीच मोजाव्यात असं मला वाटतं. ताळेबंदात ती येणं म्हणून दिसेल. मी धरली नसती.

---

रानजाई

मी धरली असती. व्याख्येत 'साधनं, सेवा किंवा देणी-घेणी यांचं हस्तांतरण, मोबदला घेतला असो वा नसो' असा अर्थ आहे. ४८ लाख रुपये एमडींच्या भावाच्या फर्मच्या खात्यात गेले आणि वर्षभर तिथे पडून आहेत, बहुधा बिनव्याजी. हेच तर बघायला कमिटी असते. कर्ज दिलं असतं तर आपण नक्की धरलं असतं, आणि परत तर तेही मिळणारच असतं.

---

ठरावपुस्तक

या मुद्द्यावर रानजाईंचं म्हणणं मला जास्त वजनदार वाटतं. पण ताळेबंद सरांसारखं मत असलेले चांगले अनुभवी लोकही मी पाहिले आहेत, आणि तुमच्या पॉलिसीत अनामतीबद्दल अक्षर नाही, त्यामुळे मी इथून निकाल देणार नाही. दोन्ही बेरजा कमिटीपुढे ठेवा. एक अनामतीसह, एक अनामतीशिवाय. आणि दोन्हींचे परिणाम लिहा. कमिटीच्या स्वतंत्र सदस्यांनी ठरवू दे.

पॉलिसी सुधारताना मात्र तीन गोष्टी नक्की घाला. अनामत आणि आगाऊ रक्कम मोजायची की नाही ते एका वाक्यात. उपकंपनीच्या संबंधित पक्षांची यादी कोण ठेवणार आणि दर तिमाहीला कुणाकडून मागवणार ते पदनामासह. तुमच्याकडे भावाची फर्म एमडींच्या वार्षिक घोषणापत्रात नक्की असणार, ती गोदामवाल्या कंपनीच्या अकाउंटंटपर्यंत पोचली नाही, गळती तिथे झाली. आणि तिसरी, 'मटेरियल मॉडिफिकेशन' म्हणजे काय. मंजूर व्यवहारात किती बदल झाला की परत कमिटीकडे यायचं हे कमिटीनेच ठरवून पॉलिसीत लिहायचं असतं. पुष्कळ कंपन्या मंजूर रकमेच्या वीस टक्के धरतात. पण नुसती रक्कम लिहून भागत नाही. भाडं तेवढंच ठेवून मुदत अकरा महिन्यांवरून नऊ वर्षं केली तर तोही मोठाच बदल असतो.

बाकी, कायदा बदलला तर तो आपोआप लागू ही ओळ ठेवा, पण तिच्यावर झोपू नका. रिलेटेड पार्टी पॉलिसी तीन वर्षांतून एकदा तरी बोर्डाने पाहायचीच असते. मटेरियल सबसिडिअरीवालीही त्याच दिवशी शेजारी ठेवून वाचा.

---

रानजाई

जाता जाता, पॅकेजिंग कंपनीबद्दलही एक पाहून ठेवा. मटेरियल की नाही हे 'लगेचच्या आधीच्या हिशेबी वर्षा'वर ठरतं. १ एप्रिलला नवं वर्ष सुरू होतं, पण आधीच्या वर्षाचे ऑडिट झालेले आकडे मे महिन्यात येतात. मधल्या सहा-सात आठवड्यांत तिचे शेअर किंवा वीस टक्क्यांहून जास्त मालमत्ता विकायची वेळ आली तर कुठले आकडे धरायचे? आम्ही पॉलिसीत लिहिलं आहे की नवे आकडे बोर्डाने स्वीकारेपर्यंत जुना दर्जा चालू राहील, आणि नव्याने मटेरियल होण्याची चिन्हं असतील तर ती मटेरियल आहे असंच धरून चालायचं. दुसरीकडे वेगळं लिहिलेलं पाहिलं आहे.

---

नोंदवही

मीटिंग होऊन गेली, म्हणून कळवते.

दोन्ही बेरजा मांडल्या. कारण जसं होतं तसं लिहिलं, माझ्या समजासकट. कमिटीच्या अध्यक्षा स्वतंत्र संचालक आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो अनामतीचा नव्हताच. त्या म्हणाल्या, "आजूबाजूच्या गोदामांचं भाडं काय आहे?" आमच्याकडे तुलनेसाठी एकही कागद नव्हता. देखभालीच्या ३५ लाखांना त्यांनी मंजुरी दिली, ती दोन बाहेरच्या कंत्राटदारांची दरपत्रकं जोडलेली होती म्हणून. भाडं आणि अनामत यांचा निर्णय राखून ठेवला. स्वतंत्र मूल्यांककाकडून भाड्याचा अहवाल मागवला आहे आणि अनामतीवर कायदेशीर मत घ्यायला सांगितलं आहे. तोवर भाडेकरार पुढच्या वर्षासाठी वाढवायचा नाही.

सुधारलेल्या पॉलिसीच्या परिशिष्टात आता दोन ओळी आहेत. पॅकेजिंग : ९ कोटी ६० लाख. गोदाम : २ कोटी २० लाख. गोदामाच्या मॅनेजरला ते पान मी स्वतः नेऊन दिलं. त्याने वाचलं आणि विचारलं, "मॅडम, फर्मच्या मालकीची जी पिकअप आम्ही कधीमधी वापरतो तिचं डिझेलही यात धरायचं का?"

ती पिकअप कुठल्याच यादीत नाही. उद्या तिची बिलं मागवते आहे.